जपानी क्रियापदांच्या ‘ते’-रूपाच्या सरावपत्रिकेत या चुका टाळा

आधी पत्रिकेत क्रियापद कोणत्या रूपात दिलंय ते पाहा. मास-रूपात दिलं असेल तर एक प्रकारच्या चुका होतात, शब्दकोशातल्या रूपात दिलं असेल तर अगदी उलट्या.

मास-रूपाच्या पत्रिकेत ‘मास’च्या आधी ‘ए’ ऐकू आला की गट २ (ताबेमास → ताबेते) आणि ‘इ’ ऐकू आला की गट १, असा ठोकताळा सगळेच वापरतात. त्याला दगा देतात ती ‘इ’ असूनही गट २ मधली मोजकी क्रियापदं: ओकिमास (उठणे), मिमास, कारिमास (उसनं घेणे), आबिमास, ओरिमास (उतरणे), देकिमास. यांचं फक्त ‘मास’ काढून ‘ते’ लावायचं, म्हणून कारिमासचं कारिते. ‘कात्ते’ लिहिलंत तर तो शब्द ‘विकत घेऊन’ असा होतो. ओकिमास तर दोन आहेत: उठणेचं ओकिते, ठेवणेचं ओइते. पत्रिकेत कांजी नसेल तर आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

शब्दकोशातल्या रूपात ओकिरु आणि ओकु वेगळे दिसतात, तो गोंधळ मिटतो. पण काएरु (परतणे), हाइरु, हाशिरु, शिरु, किरु (कापणे) ही गट २ सारखी दिसतात आणि मुलं ‘काएते’ लिहून मोकळी होतात. शंका आली की नकारार्थी रूप करा. काएरानाइ होतं, म्हणजे ‘रा’ आला, म्हणजे गट १, म्हणून काएत्ते. ओकिरुचं ओकिनाइ होतं, ‘रु’ सरळ गळतो, म्हणून गट २. काना लिपीत लिहिताना त्तेसाठीचा छोटा ‘त्सु’ विसरू नका. तो गळला तर कित्ते (कापून) चं किते (येऊन किंवा घालून) होतं.

गट १ मध्ये ‘कु’चं ‘इते’ होतं: काकु → काइते. एकटा इकु (जाणे) अपवाद, त्याचं इत्ते.

रूप बरोबर आलं तरी वापरात मराठी माणूस हमखास एका जागी चुकतो. ते-रूपाला इमास जोडलं की ‘-त आहे’ असं आपण धरून चालतो. ताबेते इमास म्हणजे ‘खात आहे’, इथवर ठीक. पण ‘तोमोदाची वा निहोन नि इत्ते इमास’ म्हणजे मैत्रीण जपानला ‘जात आहे’ नव्हे, ‘गेली आहे’ आणि अजून तिथेच आहे. केक्कोन शिते इमास म्हणजे लग्न झालेलं आहे. ही क्षणात घडून पुढे स्थिती मागे ठेवणारी क्रियापदं. त्यांचं भाषांतर करताना मराठीत ‘-ला आहे, -लेलं आहे’ लावून पाहा. स्टेशनकडे चाललोय असं म्हणायचं असेल तर ‘एकि नि मुकात्ते इमास’ म्हणा.

शित्ते इमास (माहीत आहे) याच जातीचं. मात्र ‘मला माहीत नाही’ला शित्ते इमासेन नव्हे, शिरिमासेन.