गेटियरचे उदाहरण नेमके काय पाडते?

प्रश्न : ‘गेटियरने ज्ञानासाठी समर्थन आवश्यक नसल्याचे सिद्ध केले’ असे मी एम. ए.च्या उत्तरात लिहिले आणि गुण गेले. यात चूक काय?

उत्तर : हेच वाक्य मीही पहिल्या वर्षी लिहिले होते. आमच्या बाईंनी समासात लाल शाईने एवढेच विचारले होते, ‘या उदाहरणात समर्थन आहे की नाही?’ त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला दोन महिने लागले, आणि त्या काळात मी विषय बदलण्याचाही विचार करून झाला होता. तेव्हा चूक गंभीर आहे, पण ती तुमच्या एकट्याची नाही.

व्याख्या तुम्हाला ठाऊकच आहे: ज्ञान म्हणजे समर्थित, म्हणजे सबळ आधार असलेला, सत्य विश्वास. या व्याख्येत दोन स्वतंत्र दावे आहेत. जिथे ज्ञान आहे तिथे या तिन्ही अटी पूर्ण झालेल्या असतात, म्हणजे त्या आवश्यक आहेत, हा एक. आणि तिन्ही पूर्ण झाल्या की ज्ञान झालेच, म्हणजे त्या मिळून पर्याप्त आहेत, हा दुसरा. प्रतिउदाहरण यांपैकी कोणत्या दाव्यावर रोखलेले आहे, हे न पाहताच आपण निष्कर्ष लिहून टाकतो.

एडमंड गेटियरच्या १९६३ च्या तीन पानी लेखातील पहिले उदाहरण घ्या. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी अर्ज करतात. निवड जोन्सची होणार, असे कंपनीच्या अध्यक्षांनी स्मिथला सांगितलेले असते आणि जोन्सच्या खिशातील दहा नाणी स्मिथने स्वतः मोजलेली असतात. त्यावरून तो अनुमान करतो की ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याच्याही खिशात, त्याच्या नकळत, दहाच नाणी असतात. आता एकेक अट तपासा. विधान सत्य आहे, स्मिथचा त्यावर विश्वास आहे आणि त्या विश्वासाला सबळ आधारही आहे. तरीही त्याला ते ‘माहीत होते’ असे म्हणायला आपण धजत नाही.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असे होते. ज्या उदाहरणात समर्थन हजर आहे, ते उदाहरण ‘समर्थनावाचूनही ज्ञान होते’ हे दाखवणार कसे? ‘ही अट पुरत नाही’ आणि ‘ही अट लागत नाही’ या दोन वाक्यांची गल्लत मी केली होती. तांदूळ, पाणी आणि विस्तव असूनही भात करपला, म्हणून भाताला पाणी लागत नाही असे घरात कोणी म्हणत नाही. परीक्षेच्या मांडवात मात्र आपण बिनदिक्कत म्हणतो. (बाजारातील गाइडे ‘गेटियरने व्याख्या खोडली’ एवढ्यावरच थांबतात आणि इथेच घात करतात. मूळ लेख तीनच पानांचा आहे. तो न वाचण्याला माझ्या मते सबब नाही.)

न्यायशास्त्रातील अन्नंभट्टाची ‘दीपिका’ वाचलेल्याला हा भेद नवा नाही. ‘शिंगे असणे’ हे गाईचे लक्षण केले तर म्हैसही त्यात येते, ती अतिव्याप्ती. ‘कपिल वर्ण असणे’ हे लक्षण केले तर पांढरी गाय बाहेर राहते, ती अव्याप्ती. गेटियरचा आक्षेप अतिव्याप्तीचा आहे. आवश्यकतेवर हल्ला करायचा तर अव्याप्ती दाखवावी लागते, म्हणजे ज्ञान आहे पण अट नाही, असे उदाहरण लागते. कॉलिन रॅडफर्डने १९६६ मध्ये तसा प्रयत्न केला: इंग्लंडचा इतिहास आपल्याला मुळीच येत नाही असे समजणारा एक माणूस, केवळ अंदाज करतो आहे अशा भावनेने, पहिल्या एलिझाबेथच्या मृत्यूचे वर्ष १६०३ असे बरोबर सांगतो, कारण ते तो कधीकाळी शिकलेला असतो. रॅडफर्डच्या मते त्याला ज्ञान आहे, विश्वास नाही. तुम्हाला हे पटो वा न पटो, रोख मात्र आवश्यकतेवरच आहे.

दुरुस्ती करताना हाच सापळा उलट्या बाजूने लागतो, आणि मी त्यातही सापडलो. स्मिथचे अनुमान ‘नोकरी जोन्सला मिळेल’ या असत्य आधारावर उभे होते, म्हणून ‘आधार असत्य नसावा’ अशी चौथी अट जोडली की नाण्यांचे उदाहरण बाहेर पडते. मी समाधानाने पेन खाली ठेवले. पण अट वाढवली की व्याख्या आवळते, आणि आवळलेल्या व्याख्येतून खरे ज्ञानही निसटू शकते, म्हणून प्रत्येक नवी अट स्वतः आवश्यक आहे का, हे पुन्हा तपासावेच लागते. टेड वॉरफील्डचे २००५ मधील उदाहरण पाहा. वक्त्याकडे टिपणांच्या शंभर प्रती आहेत. तो श्रोते काळजीपूर्वक मोजतो, त्रेपन्न भरतात, आणि प्रती पुरतील असा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात श्रोते बावन्नच असतात, एक जण दोनदा मोजला गेलेला असतो. आधार असत्य आहे, पण प्रती पुरतील हे त्याला माहीत नव्हते असे म्हणणे जड जाते.

यावर कोणी म्हणेल की त्याचा खरा आधार ‘श्रोते साधारण पन्नास आहेत’ हा होता आणि तो सत्यच आहे. हा आक्षेप तुम्ही उत्तरात जरूर घ्या, मात्र तो घेताना एक वाक्य खर्च करून स्पष्ट लिहा की या आक्षेपकाला वक्त्याचे ज्ञान मान्य आहे. चौथी अट मोडली, एवढेच त्याला मान्य नाही.