एमपीएलएस: पिंग जातोय, पण व्हीपीएन बंद? या चुका टाळा

एमपीएलएस जाळ्यात पॅकेट आयपी पत्त्याऐवजी लेबल बघून पुढे जातं. त्याच्या गाभ्यातला राउटर, म्हणजे पी राउटर, ग्राहकाचा आयपी पत्ता बघतच नाही. पॅकेटच्या माथ्यावरचं २० बिटांचं लेबल वाचायचं, तक्त्यात त्याच आकड्याची ओळ बघायची, लेबल बदलायचं आणि पॅकेट पुढे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. ग्राहकाचे रूट त्याच्याकडे नसतातच. त्यामुळे वाटेत एका ठिकाणी जरी लेबल तुटलं, तरी ग्राहकाचं पॅकेट तिथेच संपतं.

आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात: साधा पिंग गेला की लेबलची वाट ठीक आहे असं धरून चालतात.

तीन सिस्को राउटर एका रांगेत घ्या: पीई१, पी, पीई२. पीई म्हणजे ग्राहकाला जोडलेला काठावरचा राउटर. पीई२ च्या लूपबॅकवर कोणीतरी 10.3.3.3 ला /24 मास्क दिला. ओएसपीएफ लूपबॅक जाहीर करताना मुळात /32 म्हणूनच करतो. पीई२ चा एलडीपी, म्हणजे शेजाऱ्यांना लेबलं कळवणारा प्रोटोकॉल, मात्र स्वतःच्या तक्त्यातल्या 10.3.3.0/24 साठी लेबल देतो. पी कडे रूट /32 चा आणि शेजाऱ्याचं लेबल /24 चं. जोडी जुळत नाही.

पी वर `show mpls forwarding-table` दिल्यावर हे दिसतं:

```
Local  Outgoing  Prefix
17     No Label  10.3.3.3/32
```

ही ओळ नीट वाचा. पीई२ हा शेवटचा शेजारी असल्याने इथे `Pop Label` हवं होतं. दोन्ही शब्द सारखे वाटतात, आणि घाईत मीही ते एकच समजून पुढे गेलो आहे. `Pop Label` म्हणजे वरचं लेबल काढ, खालचं तसंच पुढे जाऊ दे. `No Label` म्हणजे पुढे लेबलची वाटच नाही.

पीई१ वरून 10.3.3.3 ला पिंग केला तर पॅकेटवर फक्त १७ हे एकच लेबल असतं. पी ते काढतो, आत आयपी पत्ता सापडतो, आणि पिंग यशस्वी होतो. पीई१ आणि पीई२ मध्ये व्हीपीएनचे रूट नेणारा बीजीपीही याच कारणाने चालू राहतो, व्हीपीएनचे रूटही दिसतात. ग्राहकाच्या पॅकेटवर मात्र १७ च्या खाली आणखी एक व्हीपीएन लेबल असतं. ते पीई२ ने दिलेलं, पी ला त्याचा अर्थ ठाऊक नाही. पॅकेट टाकून दिलं जातं.

म्हणून तपासणी लेबलच्या पिंगनेच करा:

```
ping mpls ipv4 10.3.3.3/32
```

यात आतला पत्ता 127 ने सुरू होणारा असतो, त्यामुळे लेबल तुटल्यावर पॅकेट आयपीच्या आधाराने पुढे सरकत नाही आणि बिघाड झाकला जात नाही.

दुरुस्ती म्हणजे लूपबॅकचा मास्क 255.255.255.255 करणे. पत्ता बदलताना बीजीपी सत्र तुटू शकतं, तेव्हा हे काम रात्रीच्या ठरलेल्या वेळेतच करा. नंतर पी वर `Pop Label` आलं का ते बघा.

व्हीपीएन सुरू झालं, छोटे पिंग जातात, पण मोठी फाइल अडकते? मग एमटीयू, म्हणजे दुव्यावरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, बघा. प्रत्येक लेबल ४ बाइटचं, दोन लेबलं म्हणजे १५०० चं पॅकेट १५०८ चं होतं. गाभ्यातल्या प्रत्येक दुव्यावर, मधल्या स्विचसकट, तेवढी जागा हवी.