वजन वाढवायला निघालात आणि पोट फुगतंय? या चुका टाळा

माझ्याकडे आहार विचारायला येणाऱ्या तरुणांत एक तक्रार नेहमीची असते: "जिम लावली, खाणं वाढवलं, आणि पोट ढोलासारखं झालं." मागे आलेला चोवीस वर्षांचा, ५४ किलोचा मुलगा आधी पोहे, चपाती-भाजी, वरणभात खायचा. एका सोमवारपासून त्याने सगळंच बदललं. सकाळी कच्ची मोड आलेली मटकी आणि ओट्स, दिवसातून दोनदा दुधात घोटलेली व्हे प्रोटीन पावडर, संध्याकाळी वाटीभर उकडलेले हरभरे, झोपताना दोन चमचे इसबगोल. दहाव्या दिवशी त्याला रात्री झोप लागेना.

पहिली चूक इथेच झाली, आकडा न पाहण्याची. शंभर ग्रॅम सुक्या हरभऱ्यात साधारण २५ ग्रॅम फायबर असतं, म्हणजे बऱ्याच जणांची दिवसभराची गरज जवळपास त्यातच भागते. मटकी, ओट्स आणि इसबगोल धरून त्याचं फायबर एका दिवसात दुपटीहून जास्त झालं होतं. कडधान्यांतल्या काही साखरा पचवणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्या आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. जीवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून आठवड्याला साधारण पाच ग्रॅम फायबर वाढवावं, त्याहून घाई नको.

दुसरी चूक म्हणजे सगळा दोष कडधान्यांवर ढकलणं. मी त्याला चार दिवस फक्त वेळ लिहायला सांगितली: काय खाल्लं, कधी फुगलं. सकाळचं फुगणं शेक घेतल्यावर तासाभरात सुरू व्हायचं, रात्रीचं मात्र हरभरे खाल्ल्यावर पाच-सहा तासांनी. हा फरक फार उपयोगी पडतो. लवकर, पातळ शौचासह होणारा त्रास बहुधा दुधातली साखर न पचल्याचा असतो, आणि उशिरा येणारा बहुधा कडधान्यांचा. दोन शेकमध्ये मिळून अर्धा लिटर दूध जात होतं, शिवाय साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्येही थोडी दुधाची साखर उरतेच. पावडर पाण्यात घ्यायला लावली, दुधाऐवजी दही आणि अंडी दिली. सकाळचा त्रास तीन दिवसांत थांबला. तुमच्या प्रोटीन बारच्या वेष्टनावर माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल ही पूर्ण न पचणारी, पोट फुगवणारी गोडी लिहिली असेल, तर आधी तो बार बंद करून पाहा.

हरभरे बंद केले नाहीत. पूर्ण बंद केलं की पुन्हा सुरू करताना सगळं पहिल्यापासून, हे लक्षात ठेवा. पहिल्या आठवड्यात सुके वीस ग्रॅम, म्हणजे जेमतेम मूठभर. रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकून द्यायचं, ताज्या पाण्यात दाणा बोटाने सहज चेपेल इतके शिजवायचे. काही साखरा त्या पाण्यासोबतच जातात. हिंग-ओवा जरूर घाला, पण भिजवलेलं पाणी तेच कुकरमध्ये ओतलं तर हिंगाकडून फार अपेक्षा नको. दुसऱ्या आठवड्यात रोज अर्धा पेरू आणि जरा जास्त भाजी. तिसऱ्यात मटकी, पण कच्ची नाही, शिजवलेली उसळ. चौथ्यात हरभरे चाळीस ग्रॅम. मधे एका आठवड्यात पुन्हा फुगायला लागलं तेव्हा पुढची पायरी थांबवली, आहे तेवढंच आणखी सात दिवस ठेवलं.

इसबगोल मी काढूनच टाकलं. भरपूर पाण्याशिवाय घेतलं तर ते शौच घट्ट करतं, घशात अडकूही शकतं. ज्यांना ते खरंच लागतं त्यांनी चमच्याला मोठा पेलाभर पाणी घ्यावं, आणि रोजच्या औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं.

आता सगळ्यात कमी ओळखली जाणारी चूक. फायबर पोट लवकर भरतं, त्यामुळे वजन वाढवायचं असताना ताटात चोथा वाढतो आणि कॅलरी कमी पडतात. या मुलाचं तेच झालं होतं: रात्रीचं जेवण अर्धंच जात होतं. म्हणून कॅलरी कमी जागेत बसवल्या. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे १७० कॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. भातावर एक मोठा चमचा तूप घातलं की १२० च्या आसपास कॅलरी वाढतात. सगळी कोशिंबीर जेवणाआधी न संपवता जेवणासोबत खायची. दिवसाच्या तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान केली. पाच आठवड्यांनी वजन दीड किलो वाढलं होतं आणि रात्रीची झोप परत आली होती.

शौचातून रक्त जाणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, सतत उलट्या किंवा जुलाब, खाणं वाढवूनही वजन घटणं, यातलं काही असेल तर आहारात फेरफार करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधीच त्यांना विचारावं.