दोन दिवसांची दिल्ली, एकच बॅग

पुणे-दिल्लीच्या मागच्या फेरीत विमान भरलेलं होतं. गेटवर माझी केबिन बॅग खाली सामानात टाकायला मागितली आणि मला आठवलं, पॉवर बँक तळाशी आहे. ती खालच्या सामानात चालत नाही. मग काय, सगळ्या रांगेसमोर बनियनसकट कपडे बाहेर!

आता बॅग वेगळी भरतो. मोठ्या बॅगेत फक्त कपडे आणि दाढीचं सामान, म्हणजे ती कधीही हातातून गेली तरी चालेल. देशांतर्गत मर्यादा बहुधा ७ किलोची, आणि माझी रिकामी बॅगच पावणेतीन किलोची आहे. म्हणून जड ते अंगावर: ब्लेझर, गडद पँट, लेदरचे बूट. आत दोन शर्ट, एक जादा पँट, रात्रीचे कपडे. शर्ट सुरळी करून न ठेवता पँटभोवती गुंडाळतो, घडीची रेघ उमटत नाही.

लॅपटॉपच्या सॅकमध्ये लॅपटॉप, लॅपटॉप आणि फोन दोन्हींना चालणारा एकच ६५ वॉटचा चार्जर, आणि ती पॉवर बँक वरच्या कप्प्यात. २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर. १०० पर्यंत विनापरवानगी चालते. मात्र आकडा छापलेला हवा, पुसट झाला असेल तर तपासणीत अडवतात.

कागद थोडेच: आधार, तिकीट, हॉटेलचं बुकिंग. पण सॅकमध्येच, बायको म्हणते तसं ‘नीट जपून’ मोठ्या बॅगेत नाही.