कॅशच्या गणितात टॅग कुठे चुकतो: डायरेक्ट मॅप्ड आणि सेट असोसिएटिव्हमधल्या या चुका टाळा

कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या पेपरात कॅशवरचा प्रश्न दरवेळी साधारण एकाच साच्यातला असतो. मेमरी एवढी, कॅश एवढी, ब्लॉक एवढा. आधी डायरेक्ट मॅप्डसाठी पत्त्याचे भाग पाडा, मग तेच ४-वे सेट असोसिएटिव्हसाठी करा. जळगावात क्लासला येणाऱ्या पोरांच्या सरावाच्या वह्या तपासताना मला दिसतं की पहिला भाग बहुतेकांचा बरोबर येतो आणि दुसऱ्यात गाडी घसरते. गंमत म्हणजे चुकलेल्या उत्तरातही बिटांची बेरीज बरोबरच असते, त्यामुळे चुकलंय हे लिहिणाऱ्याला कळतच नाही. म्हणून एकच गणित शेवटपर्यंत धरून ठेवू आणि ते कुठे कुठे फसतं ते पाहू.

गणित असं: मुख्य मेमरी १ एमबी, कॅश १६ केबी, ब्लॉक ६४ बाइटचा, मेमरी बाइट अॅड्रेसेबल. १ एमबी म्हणजे २० बिटांचा पत्ता. ६४ बाइटच्या ब्लॉकमधला नेमका बाइट सांगायला ६ बिट लागतात, तो ऑफसेट. १६ केबीला ६४ ने भागलं की २५६ लाइन्स मिळतात. डायरेक्ट मॅप्डमध्ये लाइन निवडायला ८ बिटांचा इंडेक्स लागतो, आणि उरलेले २० वजा १४, म्हणजे ६ बिट टॅगचे. ४-वेमध्ये त्याच २५६ लाइन्सचे चार-चारचे गट होतात, म्हणून ६४ सेट. सेट नंबर ६ बिट, ऑफसेट तोच ६, टॅग ८.

४-वे म्हणजे ४ सेट नव्हेत

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. '४-वे' वाचलं की हात आपोआप '४ सेट, म्हणून २ बिट' असं लिहून मोकळा होतो. मग टॅग १२ येतो. २ अधिक १२ अधिक ६, बेरीज २०. पोरगं खूश.

जळगाव-धुळे एसटीचं रिझर्व्हेशन डोळ्यांपुढे आणा. डायरेक्ट मॅप्डमध्ये तिकिटावर सीट नंबर छापलेला असतो, त्याच सीटवर बसायचं. तिथे कोणी असेल तर त्याला उठवायचं. ४-वेमध्ये तिकिटावर फक्त रांग ठरलेली असते, आणि त्या रांगेतल्या चारपैकी कुठल्याही सीटवर बसता येतं. रांगेत चार सीटं आहेत म्हणजे बसमध्ये रांगाच चार आहेत, असं कोणी म्हणत नाही. 'वे' हा आकडा सेटच्या आतल्या लाइन्स मोजतो. सेट किती ते भागाकार करून काढावं लागतं.

याच चुकीचे आणखी दोन प्रकार भेटतात. काही जण भागायचंच विसरतात आणि डायरेक्टचे ८ बिट तसेच ठेवतात, म्हणून टॅग ६ च राहतो. काही जण भागायच्या ऐवजी गुणतात: २५६ गुणिले ४ म्हणजे १०२४, सेटला १० बिट, टॅग ४. दोन्हीकडे बेरीज पुन्हा २०. टॅग आपण वजाबाकीने काढतो, तेव्हा बेरीज जुळणारच. तो ताळा म्हणून काही कामाचा नाही.

खरा ताळा वेगळा आहे. डायरेक्ट मॅप्डमध्ये टॅगचे बिट फक्त मेमरी आणि कॅश यांच्या गुणोत्तरावर ठरतात. इथे १ एमबी भागिले १६ केबी म्हणजे ६४, २ चा सहावा घात, म्हणून टॅग ६. ब्लॉकचा आकार यात येतच नाही. ब्लॉक मोठा केला की ऑफसेट वाढतो, तेवढाच इंडेक्स कमी होतो आणि टॅग जागच्या जागी राहतो. पुढे 'वे' दुप्पट झाले की इंडेक्समधला एक बिट सुटून टॅगला मिळतो. २-वेला टॅग ७, ४-वेला ८, ८-वेला ९. त्यामुळे १२, ६ किंवा ४ असं उत्तर आलं तर ते बघताक्षणी खोडता येतं. असोसिएटिव्हिटी वाढून टॅग लहान झाला असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

प्रश्नात मेमरीचा आकार न देता थेट ३२ बिटांचा पत्ता दिला असेल, तर गुणोत्तरात मेमरीच्या जागी २ चा ३२ वा घात घ्यायचा. याच कॅशला मग डायरेक्टमध्ये १८ आणि ४-वेमध्ये २० बिटांचा टॅग येतो.

हेक्स पत्ता चार-चार बिटांत कापू नका

पुढचा उपप्रश्न ठरलेला: पत्ता `0x2B7D4` कॅशमध्ये कुठे जाईल? इथे अनेक जण हेक्सच्या अंकांवरच रेघा मारतात. '2B टॅग, 7D इंडेक्स, 4 ऑफसेट' असं लिहिलेलं मी कितीदा तरी खोडलंय. हेक्सचा एक अंक म्हणजे ४ बिट, आणि आपले भाग ६, ८, ६ असे आहेत. रेघ अंकाच्या मधोमध पडणारच. म्हणून पत्ता आधी बायनरीत उतरवायचा आणि मगच उजवीकडून मोजत यायचं.

```
0x2B7D4 = 0010 1011 0111 1101 0100

direct : 001010 | 11011111 | 010100
4-way  : 00101011 | 011111 | 010100
```

डायरेक्टमध्ये टॅग १०, लाइन २२३, ऑफसेट २०. ४-वेमध्ये टॅग ४३, सेट ३१, ऑफसेट पुन्हा २०. दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघा: डायरेक्टच्या इंडेक्समधले डावीकडचे `11` खालच्या ओळीत टॅगला जाऊन चिकटलेत. बाकी काहीच हललेलं नाही. हे दोन बिट सरकलेले दिसले की ४-वेचा अर्धा धडा समजला.

अमळनेरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हेच दशमानात करून पाहिलं आणि लाइन २१२ आली. 'सर, हाई कसं व्हयनं?' म्हणून वही पुढे केली. तिने 178132 या पत्त्यालाच २५६ ने भागून बाकी घेतली होती. मॉड घ्यायचा तो ब्लॉक नंबरचा, पत्त्याचा नव्हे. आधी ६४ ने भागायचं: ब्लॉक नंबर २७८३, बाकी २०, हाच ऑफसेट. मग २७८३ ला २५६ ने भागलं की भागाकार १० आणि बाकी २२३. तेच ६४ सेटने भागलं की भागाकार ४३, बाकी ३१. भागाकार म्हणजे टॅग, बाकी म्हणजे लाइन किंवा सेट. दोन्ही वाटांनी उत्तर तेच आलं की निर्धास्त पुढे जायचं. आणि २१२ कुठून आलं? हेक्समध्ये ते `D4` आहे, म्हणजे पत्त्याचे शेवटचे आठ बिट. ऑफसेट आधी बाजूला न काढल्यामुळे तोच इंडेक्समध्ये घुसला.

बाइट की वर्ड

'वर्ड अॅड्रेसेबल, वर्ड ४ बाइटचा' असं प्रश्नात असेल तर सगळं वर्डमध्ये बदलून घ्या. १ एमबी म्हणजे २५६ के वर्ड, पत्ता १८ बिटांचा. ६४ बाइटचा ब्लॉक म्हणजे १६ वर्ड, ऑफसेट ४. लाइन्स २५६ च आहेत, इंडेक्स ८, टॅग ६. टॅग हलला नाही, कारण गुणोत्तर हललेलं नाही. इथे फसणारा माणूस पत्ता २० बिटांचा ठेवतो आणि ऑफसेट ४ करतो, मग टॅग ८ येतो. गुणोत्तराच्या ताळ्यात ही चूक लगेच सापडते.

टॅग मेमरी किती बिटांची असं विचारलं तर टॅग प्रत्येक लाइनला असतो, सेटला नव्हे. डायरेक्टमध्ये २५६ गुणिले ६, म्हणजे १५३६ बिट. ४-वेमध्ये २५६ गुणिले ८, म्हणजे २०४८. ६४ सेट गुणिले ८ करून ५१२ लिहिलं तर चूक. व्हॅलिड बिटही धरा असं प्रश्नात असेल तरच प्रत्येक लाइनला एक बिट वाढवा.

हिट-मिस मोजताना

हा उपप्रश्न आला की आकडे सोपे असतात, पण घाई नडते. समजा कॅशमध्ये चारच लाइन्स आहेत आणि ब्लॉक ३, ७, ३, ७, २, ३ या क्रमाने मागितले. डायरेक्टमध्ये ३ आणि ७ दोघंही लाइन ३ वर येतात आणि एकमेकांना हाकलत राहतात. २ पहिल्यांदाच येतो. सहाही मिस. २-वेमध्ये दोन सेट, ३ आणि ७ सेट १ मध्ये शेजारी बसतात, म्हणून फक्त तीन मिस आणि तीन हिट.

एवढं बघून पोरं 'सेट असोसिएटिव्हमध्ये मिस नेहमी कमी' असं पाठ करून टाकतात, आणि परीक्षकाने उलटा क्रम दिला की खरं उत्तर सोडून पाठ केलेलं लिहितात. त्याच चार लाइन्सवर ०, २, ४, ०, २, ४ करून बघा. डायरेक्टमध्ये ० आणि ४ लाइन ० साठी भांडतात, पण २ लाइन २ वर एकटा बसलेला असतो. दुसऱ्यांदा तो हिट होतो. पाच मिस, एक हिट. २-वेमध्ये तिन्ही ब्लॉक सम, म्हणून तिघंही सेट ० मध्ये. जागा दोन, येणारे तीन, आणि एलआरयू दरवेळी नेमका तोच ब्लॉक काढतो जो पुढच्याच खेपेला लागणार आहे. सहाही मिस, आणि सेट १ पूर्ण रिकामा.

एलआरयूमध्ये आणखी एक चूक होते: हिट झाल्यावर क्रम बदलायचा राहून जातो, आणि मग ते एलआरयू न राहता फिफो होतं. याच २-वे कॅशमध्ये ३, ७, ३, ५, ३ घ्या. तिसऱ्या पायरीला ३ हिट होतो, म्हणून तो ताजा झाला आणि ७ जुना. ५ येताना ७ जायला हवा, आणि शेवटचा ३ हिट. क्रम बदलला नाही तर ३ निघून जातो आणि शेवटी खोटा मिस मोजला जातो. हे टाळायला उत्तरपत्रिकेत प्रत्येक पायरीला सेटमधले ब्लॉक 'जुना, ताजा' याच क्रमाने लिहा: हिट झाला तरी ओळ नव्याने लिहायची. वरच्या गणितात तिसऱ्या पायरीची ओळ '७, ३' अशी पडते, आणि ५ आला की डावीकडचा ७ खोडायचा हे कागदावरच दिसतं.