ग्राहकाचा ॲडव्हान्स आला की तो विक्रीत का टाकायचा नाही, आणि विक्री धरायची तरी कधी

मी फर्निचरवाल्यांची पुस्तकं लिहितो, आणि दर मार्चला एकच गोष्ट निस्तरत बसावी लागते, ती म्हणजे ॲडव्हान्स थेट विक्री खात्यात जमा केलेला असतो. पैसे बँकेत आले ना, मग विक्रीच झाली की, असं वाटतं. पण टेबल अजून रंध्याखाली आहे, ग्राहकाने उद्या नको म्हटलं तर पैसे परत द्यावे लागतील, आणि नको नाही म्हटलं तरी टेबल तर द्यायचंच आहे. म्हणजे ते पैसे आपल्यावरचं देणं आहे.

एक ऑर्डर घेऊन बघू. सागवानी डायनिंग सेट, किंमत 1,00,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,18,000. 10 मार्चला ग्राहकाने 40,000 दिले, डिलिव्हरी 12 एप्रिलला.

पहिली पायरी, पैसे आले त्या दिवशी. टॅलीमध्ये Current Liabilities खाली "ग्राहकांचे ॲडव्हान्स" असं वेगळं लेजर उघडा, रिसीट व्हाउचरमध्ये बँक नावे 40,000 आणि हे लेजर जमा 40,000. बरेच जण पार्टीच्या Sundry Debtors मधल्या लेजरलाच जमा करतात, रोजच्या कामाला ते चालतं, पण मग ताळेबंदात हे 40,000 दुसऱ्या ग्राहकांच्या येण्यातून वजा होऊन दिसतात आणि येणंही कमी दिसतं, देणंही दिसत नाही. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी तेव्हा भरायचा नसतो (नोव्हेंबर 2017 पासून, कंपोझिशनवाले सोडून), सेवेच्या ॲडव्हान्सवर मात्र भरावा लागतो, पण जीएसटी भरला म्हणून ती विक्री झाली असं नाही, पुस्तकात ते देणंच राहतं.

दुसरी पायरी 31 मार्चची, आणि खरी गडबड इथेच होते. समजा तोवर या सेटवर लाकूड-मजुरी मिळून 35,000 खर्च झालाय. तो अर्धवट माल म्हणून अखेरच्या साठ्यात घ्या आणि 40,000 देण्यात राहू द्या, या ऑर्डरचा यंदाचा नफा शून्य. आता हेच 40,000 विक्रीत टाकले तर काय होतं बघा, खर्च साठ्यात बसलाय म्हणून सगळेच्या सगळे 40,000 नफा दिसतात, त्यावर टॅक्स भरला जातो, आणि पुढच्या वर्षी उरलेले 60,000 विक्रीत येतात तेव्हा सेटची पूर्ण किंमत 65,000 पडलेली असते म्हणून 5,000 तोटा दिसतो. खरा नफा 35,000, तोही सगळा एप्रिलचा. एखाद्या ऑर्डरवर असा विचित्र तोटा दिसला की आधी मागच्या मार्चचा ॲडव्हान्स कुठे टाकलाय ते तपासा.

तिसरी पायरी, विक्री कधी धरायची. माल आणि त्याची जोखीम ग्राहकाकडे गेली त्या दिवशी. आपल्यासारख्यांना लागू होणारं हिशोबाचं मानक एएस 9 जोखीम आणि फायदा कुणाकडे गेला ते विचारतं, मोठ्या कंपन्यांचं इंड एएस 115 मालावर ताबा कुणाचा ते विचारतं, पण दुकानातल्या सेटला दोन्हीचं उत्तर बहुतेक एकच येतं. मी स्वतःला साधा प्रश्न विचारतो, वाटेत पाय मोडला तर बदलून कोण देणार? घरपोच द्यायचं ठरलंय आणि टेम्पो 31 मार्चला संध्याकाळी निघून 1 एप्रिलला पोचला, तर विक्री एप्रिलची. पण जीएसटीचं बिल माल निघायच्या आधी किंवा निघतानाच करावं लागतं, म्हणजे ते मार्चच्या रिटर्नमध्ये जाणार. दोन आकडे जुळणार नाहीत आणि ते बरोबरच आहे, फक्त फरकाची नोंद कागदावर ठेवा, ग्राहकाची सही झालेलं डिलिव्हरी चलन त्याला जोडा.

सेट तयार आहे पण ग्राहक म्हणतो घराचं काम चाललंय, महिनाभर तुमच्याकडेच राहू दे, तर? त्याने स्वतः तसं लेखी सांगितलं असेल, मालकी आणि बिल मान्य केलं असेल, आणि तो सेट त्याच्या नावाने वेगळा काढून ठेवला असेल, लगेच नेता येईल असा असेल, तर विक्री धरता येते. पॉलिश बाकी असेल तर नाही.

चौथी पायरी, 12 एप्रिल. पार्टी नावे 1,18,000, विक्री जमा 1,00,000, सीजीएसटी 9,000, एसजीएसटी 9,000. मग जर्नलने ॲडव्हान्सचं लेजर नावे आणि पार्टी जमा 40,000, बिलवाइज ठेवत असाल तर पार्टीच्या ओळीला Agst Ref निवडून त्याच बिलाला लावा. ग्राहकाकडे 78,000 येणं उरतं आणि ॲडव्हान्सच्या लेजरवर या ऑर्डरचं काही उरत नाही.

त्या लेजरची यादी दर महिन्याला काढा. माल गेलाय तरी रक्कम तिथेच पडून असेल तर ही चौथी नोंद राहिलीय. आणि ऑर्डर रद्द झाली असेल तर रक्कम परत करेपर्यंत देणंच, ठरलेल्या अटीप्रमाणे जप्त करायचा हक्क आपल्याला खरंच मिळाला असेल तरच ते उत्पन्न, आणि तेही इतर उत्पन्नात, विक्रीत नाही.