रिटेनरचे खाडे वजा होतात का? सल्लागाराचं एंगेजमेंट लेटर मराठीत उतरवताना

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला छोटा कारखाना असला की कागदपत्रांची एक वेगळीच गंमत होते. मालक मराठीत विचार करतात, हिशेबनीस कन्नडमध्ये शिकलेला असतो आणि सल्लागाराचं पत्र येतं इंग्रजीत. मग कुणीतरी ते मराठीत करून द्यायचं. हे काम मी करतो. त्यात जास्तीत जास्त घोटाळा होतो तो रिटेनर, कामाची व्याप्ती आणि फी या तीन कलमांत. ती कशी उतरवायची आणि समजावून सांगायची, ते एका फाउंड्रीच्या पत्रावरून सांगतो. नाव देत नाही आणि आकडे थोडे बदलले आहेत.

ग्रीन सँडवर, म्हणजे ओल्या वाळूच्या साच्यात, ओतकाम करणारी ही फाउंड्री. रिजेक्शन वाढलं म्हणून कोल्हापूरचा सल्लागार ठरवला. पत्रात रिटेनर हा शब्द दोनदा होता. तिसऱ्या कलमात "दरमहा ४०,००० रुपये रिटेनर, १६ तासांपर्यंत" आणि पाचव्या कलमात "सुरुवातीचा रिटेनर ५०,००० रुपये, शेवटच्या बिलात वळता". आधीच्या माणसाने दोन्हीकडे "अनामत" लिहिलं होतं. थोरले भागीदार मला म्हणाले, "काय ओ, महिन्याचे चाळीस हजार शेवटी परत मिळणारच की?"

आधी रिटेनरचा अर्थ लावा, मग शब्द निवडा

रिटेनर शब्द दिसला की लगेच भाषांतर करू नका. त्या रकमेचं पुढे काय होतं, हे पत्रात शोधा. दर महिन्याला देऊन संपणारी रक्कम असेल तर ती फी आहे, परत येत नाही. सल्लागाराकडे राहून शेवटी बिलातून वजा होणारी असेल तर ती आगाऊ ठेव. इंग्रजीत शब्द एकच असला तरी मराठीत दोन वापरायचे. मी तिसऱ्या कलमात "मासिक बांधील फी" आणि पाचव्यात "आगाऊ ठेव" असं लिहिलं, आणि दोन्हीकडे पुढे "(मूळ शब्द: रिटेनर)" अशी नोंद केली.

समजावताना मी दुधाच्या रतीबाचा दाखला देतो. महिन्याचा रतीब लावला की रोज ठरलेलं दूध येतं. गावाला गेलो तर खाडे पडतात, आणि खाड्याचे पैसे वजा व्हायचे की नाही ते गवळ्याशी आधीच ठरवावं लागतं. रिटेनरचंही तसंच आहे. एखाद्या महिन्यात १६ पैकी ९ तासच घेतले तर उरलेले ७ तास पुढच्या महिन्यात मिळतात की बुडतात? पत्रात "अनयूज्ड अवर्स शॅल लॅप्स" असेल तर ते बुडाले. या पत्रात याबद्दल एक अक्षरही नव्हतं. असं गप्प असलेलं पत्र मला जास्त खटकतं, कारण दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ धरून बसतात. मराठी प्रतीत आपल्या मनाने काही भरायचं नाही. तिथे "मूळ पत्रात उल्लेख नाही, विचारावे" एवढंच लिहायचं.

व्याप्तीच्या कलमात क्रियापदं तपासा

इथे नामांपेक्षा क्रियापदं महत्त्वाची. "अडव्हाइज" म्हणजे सल्ला देणे, "असिस्ट" म्हणजे मदत करणे आणि "कॅरी आउट" म्हणजे स्वतः करणे. पत्रात वाळूच्या चाचणीपुढे "असिस्ट" होतं. जुन्या मराठी प्रतीत "वाळूची चाचणी करतील" झालं होतं. मालकांची समजूत अशी की ओलावा, हवा जाण्याची क्षमता, ओल्या वाळूची ताकद हे सगळं सल्लागाराचा माणूस रोज मोजून जाणार. खरं तर ते त्यांच्याच लॅबच्या मुलाने मोजायचं होतं, आणि सल्लागार फक्त आकडे बघणार होता.

पुढे रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणण्याचं वाक्य होतं, पण त्यात शब्द होता "एंडेव्हर". म्हणजे प्रयत्न करतील, हमी नाही. सल्लागाराने हमी द्यावी असा हट्ट मी धरत नाही, कारण भट्टी आणि माणसं त्याच्या हातात नसतात. पण टक्के कशाचे, हे ठरलेलं हवं. नगांवर की वजनावर? ग्राहकाकडून परत आलेला माल धरायचा का? आम्ही मागच्या तीन महिन्यांची वजनावरची सरासरी आरंभीचा आकडा म्हणून घालून घेतली.

"इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू" हे शब्द दिसले तर त्यांचं मराठी नुसतं "यासह" असं करू नका. "यासह, पण एवढ्यापुरतंच नाही" असं पूर्ण लिहा. यादीबाहेरचं काम मागितलं तर ते १६ तासांत धरायचं की वेगळं बिल, हा प्रश्न तिथूनच उभा राहतो.

फीचं कलम वाचू नका, एका महिन्याचं बिल करून बघा

जादा तासाला ३,००० रुपये. तास म्हणजे "कामासाठी घालवलेला वेळ". यात प्रवास येतो का? कोल्हापूर-बेळगाव साधारण ११० किलोमीटर, जाऊन-येऊन पाच तास धरा. महिन्यात दोन भेटी, प्रत्येक भेटीत सहा तास शॉपवर, म्हणजे १२. फोनवर २ आणि प्रवासाचे १०. एकूण २४ तास. आठ तास जादा, त्याचे २४,०००. फी झाली ६४,०००.

त्यावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ११,५२०. सल्लागार महाराष्ट्रातला आणि कारखाना कर्नाटकातला, म्हणून बिलावर आयजीएसटी लागतो. कारखाना जीएसटीत नोंदलेला असेल तर हा कर सहसा परत वळता घेता येतो, पण आधी खिशातून जातोच. बिल ७५,५२० रुपयांचं. भागीदारांच्या मनात ४०,००० होते.

बिलावर जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस करापूर्वीच्या ६४,००० वर कापायचा. दर १० टक्के की २ टक्के, हे सेवा व्यावसायिक की तांत्रिक, यावर ठरतं. ते आपल्या लेखापालाला विचारून घ्या. १० टक्के धरले तर ६,४०० कापून सल्लागाराला ६९,१२० मिळतील. टीडीएस हा सल्लागाराच्या फीतला भाग, तो वर चढवून द्यायचा नसतो. "कर वगळून" असं लिहिलं आहे म्हणून टीडीएसही कंपनीनेच सोसायचा, असा अर्थ काढणारेही मी पाहिलेत.

पैसे देण्याची मुदतही इथेच बघा. सल्लागाराची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार ठरवलेली मुदत ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही. पत्रात ६० दिवस लिहून घेतले तरी उपयोग नाही, उशिराचं व्याज लागू शकतं. ग्राहक नव्वद दिवसांनी पैसे देतो ही आपली अडचण.

शेवटी बदल इंग्रजीतच करून घ्या

बहुतेक पत्रांत इंग्रजी मजकूर अंतिम असतो. मराठी प्रत फक्त समजण्यासाठी. म्हणून कलमांचे क्रमांक दोन्हीकडे तेच ठेवा, आणि मराठी वाचून निघालेले प्रश्न इंग्रजी पत्रात उत्तर म्हणून उतरले पाहिजेत. फोनवरचं "हो, बघू" चालत नाही. आम्ही तीन ओळी मागितल्या: प्रवासाचा वेळ निम्मा धरायचा, उरलेले तास पुढच्या एका महिन्यापर्यंत वापरता यावेत, आणि १६ तास पूर्ण होत आले की सल्लागाराने आधी कळवायचं.

पहिल्या दोन ओळी त्याने लगेच मान्य केल्या. तिसरी एका आठवड्याने केली. पहिल्या महिन्यात तास पुन्हा १२ आणि २ च होते, पण प्रवासाचे ५ धरले गेले. १९ तास झाले, जादा तीन. फी ४९,०००.